शिफ्ट संपल्यावर केलेली तपासणी

नमस्कार. माझे वय ४१. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षे क्वालिटी विभागात होतो, शेवटची पाच वर्षे असिस्टंट मॅनेजर म्हणून. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला आणि सात महिने मी चिंचवडला घरी आहे. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत नोकरीच्या पोर्टलवर असतो. मागच्या मंगळवारी रात्री एका बैठकीत ३४ अर्ज टाकले. शुक्रवारी त्यांतल्या एका कंपनीचा फोन आला, तर तिथे अर्ज केल्याचेच आठवेना. साणंदच्या एका कंपनीने १२ लाखांचा सीटीसी सांगितला, त्यात १५ टक्के व्हेरिएबल आहे. मी रात्री फोनवरच होकार देऊन बसलो. लेखी उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात रांजणगावची ९.६० लाखांची, व्हेरिएबल नसलेली जागा केवळ पद ‘सीनियर इंजिनिअर’ आहे म्हणून सोडून दिली. पत्नी म्हणते, हे दोन्ही निर्णय माझे नाहीत, थकव्याचे आहेत. घरखर्च कर्जाच्या हप्त्यासह ५८,००० आहे, पत्नीच्या हातात ३०,००० येतात, पीएफ सोडून शिल्लक ३,३६,००० आहे. वेग कमी केला तर संधी हुकतील अशी भीती वाटते. काय करावे?
— चिंचवडचा एक वाचक

स. न. वि. वि.

वहिनींचे म्हणणे मला पटले, त्यात फक्त एक भर घालतो. थकव्याने तुमच्याकडून पंधरवड्याच्या आत दोन परस्परविरुद्ध चुका करून घेतल्या आहेत: एक जागा न तपासता पास झाली आणि दुसरी न तपासता रिजेक्ट झाली. गेज नेहमी एकाच बाजूला चुकत असेल तर तेवढी वजाबाकी करून काम भागते, पण तोच पार्ट कधी जास्त आणि कधी कमी भरत असेल तर मोजणाऱ्याचा हात स्थिर नाही असे तुम्हीच ऑडिटमध्ये लिहिले असते. म्हणून ‘आता जरा चोखंदळ व्हा’ किंवा ‘आता जरा तडजोड करा’ यांपैकी कोणताही सल्ला तुमच्या कामाचा नाही. तुमची निवडीची पट्टी वर किंवा खाली सरकवण्याआधी ती स्थिर करायला हवी, आणि ती स्थिर होते ती तपासणीची वेळ ठरवल्याने.

फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर नजरेने तपासणी करणाऱ्या माणसाला आपण सलग आठ तास बसवत नाही, ठरावीक वेळाने त्याला बदली देतो, कारण काही काळाने त्याचे डोळे पार्टकडे पाहत असले तरी तो पार्ट पाहत नसतो. जाहिरातींच्या बाबतीत नेमके हेच होते, पण लक्षात येत नाही, कारण आपण खुर्चीत बसलेलो असतो आणि त्याला काम म्हणायची आपली तयारी नसते. लागोपाठ वीस निरुपयोगी जाहिराती वाचल्यावर एकविसावी साधारण जाहिरातही चांगली वाटते, कारण तिची तुलना तुमच्या गरजेशी होत नाही, आधीच्या वीस जाहिरातींशी होते. दुपारी नकाराचा ईमेल आलेला असेल तर संध्याकाळी ‘दहा ते बारा वर्षांचा अनुभव’ ही साधी अटसुद्धा ‘तुम्ही वयाने जास्त आहात’ अशी वाचली जाते. रात्री अकरा वाजता तर जाहिरात वाचलीच जात नाही. पदाचे नाव आणि गाव पाहून बोट बटणावर पडते, कारण अर्ज गेला की आजचा दिवस वाया गेला नाही असे स्वतःला सांगता येते. तुमचे ३४ अर्ज हे बहुधा दिवसाला दिलेले हजेरीचे शिक्के होते. टेबलाच्या पलीकडे बसून वीस वर्षे उमेदवार निवडल्यानंतर सांगतो, एकाच कंपनीतील सप्लायर क्वालिटी आणि प्रॉडक्शन प्लॅनिंग या दोन्ही जागांसाठी एकाच मिनिटाला आलेला एकाच माणसाचा अर्ज आम्हाला दिसायचा, आणि तो दोन्ही ठिकाणी मागे पडायचा.

यावरचा उपाय म्हणजे जाहिराती गोळा करणे, त्या तपासणे आणि अर्ज लिहिणे ही तीन कामे वेगळी करून आठवड्यातील वेगवेगळ्या वेळांना देणे. गोळा करण्याला बुद्धी लागत नाही. ते संध्याकाळी, थकलेले असतानाही अर्धा तास करता येते, अट एकच की त्या अर्ध्या तासात अर्जाच्या बटणाला हात लावायचा नाही. जाहिरात फक्त ‘सेव्ह’ करायची आणि पोर्टल बंद करायचे. तपासणी आठवड्यातून दोनदाच, सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी, चहा झाल्यावर आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून करावी. एका बैठकीत जास्तीत जास्त आठ जाहिराती घ्या. एका जाहिरातीला आठ-नऊ मिनिटे धरली तर सव्वा तास होतो आणि माझ्या अनुभवात लक्ष तिथपर्यंतच टिकते. आठच्या पुढच्या जाहिराती पुढच्या बैठकीला ठेवा. सोमवार ते शुक्रवार चार दिवस आणि शुक्रवार ते सोमवार तीन दिवस, म्हणजे रांग वाढली नाही तर कोणतीही जाहिरात तुमच्याकडे चार दिवसांपेक्षा जास्त पडून राहत नाही. क्वालिटीतील मधल्या फळीच्या जागा इतक्या झटपट भरत नाहीत. संधी हुकण्याच्या भीतीला माझे उत्तर एवढेच आहे, आणि त्याला एक अपवाद आहे: ओळखीच्या माणसाने स्वतः फोन करून जागा सांगितली तर बायोडेटा त्याच दिवशी पाठवा, कारण तिथे पहिली तपासणी त्या माणसाने केलेली असते.

मंगळवार आणि बुधवार अर्जांसाठी. आठवड्याला चार अर्ज पुरेत, क्वचित पाच. प्रत्येक अर्जात बायोडेटाच्या वरच्या चार ओळी त्या जागेसाठी बदललेल्या असाव्यात: जिथे कस्टमर कंप्लेंट हाताळायच्या आहेत तिथे तुम्ही बंद केलेल्या तक्रारींचे काम वर येईल, जिथे पुरवठादार सांभाळायचे आहेत तिथे सप्लायर ऑडिट वर येईल. गुरुवार सोडा. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे त्या दिवशी एचआरला केलेला फोन वाया जातो; उलट तुमचे जुने सहकारी त्याच दिवशी घरी असतात, म्हणून फार तर दोघांना भेटा, पण पोर्टल उघडू नका. शनिवारी सकाळी आधीच्या अर्जांचा पाठपुरावा आणि येणाऱ्या मुलाखतीची तयारी, दुपारनंतर काही नाही. रविवार घरचा. हे वेळापत्रक जसेच्या तसे पाळलेच पाहिजे असे नाही, पण तपासणीच्या दोन सकाळी हलवू नका. आणि मुलाखत किंवा नकार आला त्या संध्याकाळी, तसेच त्याच्या दुसऱ्या सकाळी, तपासणीला बसू नका. ती सकाळ सोमवारची किंवा शुक्रवारची असेल तर बैठक एक दिवस पुढे ढकला. हलवण्याचे एवढेच एक कारण मान्य करा.

आता तपासायचे कशाने, ते पाहू. तुमच्या हाताखालून हजारो वेळा गेलेला गो–नो गो प्लग गेज आठवा. त्याला दोन टोके असतात आणि दोन्ही लागतात, नुसत्या एका टोकाने भोक बरोबर आहे हे कळत नाही. नोकरीसाठीही कागदावर तसाच एक गेज बनवा आणि तो उद्याच्या सकाळी, ताजे असताना, वहिनींसमोर बनवा. नो गो बाजूला तीनच गोष्टी लिहा, ज्यांतली एक जरी असली तरी जागा बाद: दरमहा हातात येणारी रक्कम अमुक आकड्याखाली, घरापासून दूर राहून दोन घरे चालवावी लागणे (तो खर्च भरून निघत असेल तर नव्हे), आणि नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत यांच्या नावाखाली उमेदवाराकडे पैसे मागणारा मध्यस्थ. गो बाजूला दोन पुरेत: कामाचा निम्मा भाग तरी तुम्ही आधी केलेला असावा, आणि वरिष्ठ कोण व जागा कशामुळे रिकामी झाली हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळावे. पदाचे नाव यात कुठेच नाही, हे मी मुद्दाम केले आहे. एका कारखान्यातला सीनियर इंजिनिअर दुसरीकडच्या असिस्टंट मॅनेजरइतकेच काम करतो, कधी जास्तच, आणि व्हिजिटिंग कार्डावरची ओळ थकलेल्या माणसाला सर्वांत आधी टोचते.

प्रत्येक तपासलेल्या जाहिरातीसमोर दहापैकी गुण आणि एका ओळीत कारण लिहा. कारण लिहिणे महत्त्वाचे, कारण थकव्याची पहिली खूण तिथेच दिसते: तो रकाना रिकामा राहू लागतो किंवा त्यात ‘बघू’, ‘ठीक’ असे शब्द येऊ लागतात. दुसरी खूण पकडण्यासाठी तुमच्याच विभागातली पद्धत वापरा. इन्स्पेक्टरची परीक्षा घेताना आपण तेच पार्ट त्याला न सांगता पुन्हा टेबलावर ठेवतो आणि पहिला निकाल व दुसरा निकाल जुळतो का ते पाहतो. दर शुक्रवारी बैठकीच्या सुरुवातीला वहिनींनी मागच्या आठवड्यातल्या दोन जाहिराती, गुण झाकून, नव्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात मिसळाव्यात. जाहिरात तुम्हाला आठवली तरी चालेल, गुण आठवत नाहीत. फरक एका गुणाचा असेल तर हात स्थिर आहे. दोन किंवा जास्त असेल तर त्या दिवशीची तपासणी तिथेच थांबवा आणि सोमवारी पुन्हा बसा. लागोपाठ दोन शुक्रवार असे झाले तर पुढचा पूर्ण आठवडा तपासणी बंद, फक्त संध्याकाळचे गोळा करणे आणि ओळखीच्या लोकांचे फोन. ही रजा म्हणून घेऊ नका. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला गेज आपण वापरातून काढून ठेवतो, तितकीच ती साधी गोष्ट आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच: पट्टी कधीच खाली आणायची नाही का? आणायची, पण पैशाच्या हिशेबाने, थकव्याच्या नव्हे. तुमच्या घरात दरमहा २८,००० कमी पडतात आणि शिल्लक ३,३६,००० आहे, म्हणजे बारा महिने आहेत. आज हातात येणाऱ्या पगाराची खालची मर्यादा ६५,००० ठेवा. घरातली तूट भरून काढायला त्याच्या निम्म्याहून कमी पुरते, पण उरलेल्यात शिक्षणाचा खर्च आणि पुढची बचत येते. शिल्लक सहा महिन्यांवर, म्हणजे १,६८,००० वर आली की मर्यादा ५५,००० करा. तीन महिन्यांवर, म्हणजे ८४,००० वर आली की कंत्राटी काम, थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, जे मिळेल ते घ्या आणि त्या स्थितीत माझे हे सगळे वेळापत्रक बाजूला ठेवा, कारण तेव्हा निवड करण्याची चैन राहत नाही. हे तीन आकडे आजच लिहून ठेवा आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारीच ते पाहा. वाईट मंगळवारी रात्री मर्यादा ४०,००० वर आली तर ती मंगळवारने आणलेली असते, बँकेच्या पासबुकाने नव्हे.

आता हा गेज तुमच्या दोन जागांना लावून पाहू. दोन्हीकडे बेसिक सीटीसीच्या निम्मे आहे, कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा पूर्ण बेसिकवर आहे आणि ग्रॅच्युइटी नेहमीप्रमाणे बेसिकच्या ४.८१ टक्के दराने सीटीसीतच धरली आहे असे मी मानतो. ऑफर लेटरसोबतच्या पगाराच्या तक्त्यात हे पडताळून घ्या. साणंदच्या १२ लाखांतून व्हेरिएबलचे १,८०,०००, पीएफचे ७२,००० आणि ग्रॅच्युइटीचे २८,८६० वजा केले की ९,१९,१४० उरतात, म्हणजे महिन्याला ७६,५९५. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की ७०,३९५ हातात येतील. आयकर लागू झाला तर तो आणखी वेगळा. फोनवर ‘बारा लाख’ ऐकताना तुमच्या मनात महिना एक लाख आला असणार, थकलेल्या माणसाच्या मनात तोच येतो. तिथे खोलीचे भाडे, जेवण आणि महिन्यातून एकदा घरी येणे यांना १८,००० धरले तर घरी ५२,३९५ पोहोचतात, म्हणजे मर्यादेखाली. व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर महिन्याला १५,००० वाढून ६७,००० च्या वर जाल, पण ते वर्षअखेरीस आणि कंपनीच्या निकालावर अवलंबून मिळते. नव्या माणसाच्या पहिल्या वर्षी ते पूर्ण हाती पडेल असे धरून मी कोणालाही घर हलवायला सांगणार नाही.

रांजणगावच्या ९.६० लाखांत बेसिक ४,८०,०००. त्यातून पीएफचे ५७,६०० आणि ग्रॅच्युइटीचे २३,०८८ गेले की ८,७९,३१२, महिन्याला ७३,२७६. तुमच्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर वजा केला की ६८,२७६ हातात, आणि तेही स्वतःच्या घरात राहून. सीटीसीत २,४०,००० चा फरक दिसतो, हातात तो दरमहा सुमारे २,१०० चा उरतो आणि घर चालवताना उलट बाजूला पंधरा-सोळा हजारांचा होतो. मात्र रांजणगाव चिंचवडहून पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. कंपनीची बस तुमच्या भागातून सुटत नसेल तर रोजचे जाणे-येणे हा तुमचा पुढच्या वर्षीचा थकवा ठरेल, तेव्हा बसचा प्रश्न पगाराच्या आधी विचारा.

सोमवारपर्यंत काय करायचे ते असे. साणंदला दिलेला होकार तोंडी आहे, तो मागे घेण्यात अप्रामाणिकपणा नाही. मात्र सही करून मग माघार घेऊ नका, तिथे लोक खरोखर दुखावतात. त्यांना आजच ईमेल करा की पगाराच्या घटकांचा पूर्ण तक्ता, गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिले गेले याची माहिती आणि पहिल्या तीन महिन्यांसाठी राहण्याची सोय यांबद्दल लेखी उत्तर मिळाले की दोन दिवसांत अंतिम निर्णय कळवीन. बहुतेक कंपन्या दोन-तीन दिवसांची मुदत देतात. ज्या देत नाहीत त्यांनी घाई का आहे हे सांगितले तर ठीक, नाही तर गेजच्या गो बाजूची दुसरी ओळ तिथे अडकली असे समजा. यापुढेही ऑफरचा फोन कितीही वाजता आला तरी उत्तर एकच द्या: ‘आभारी आहे, तक्ता ईमेलवर पाठवा, मी परवा सकाळी अकरापर्यंत कळवतो.’

रांजणगावची जागा अजून आहे की नाही हे पोर्टलवर पाहत बसू नका, जाहिरात जागा भरल्यानंतरही आठवडाभर तिथे राहते. ज्या कन्सल्टंटने ती सांगितली होती त्याला उद्या सकाळी साडेदहानंतर फोन करा. उद्या गुरुवार असेल तर परवा. ‘मागच्या वेळी मी पदाच्या नावावरून थांबलो, ते चूक होते. जागा खुली असेल तर मला त्यांच्या क्वालिटी हेडशी पंधरा मिनिटे बोलायचे आहे,’ एवढेच म्हणा, जास्त कारणे देऊ नका. जागा गेली असेल तर त्याच फोनवर विचारा की त्यांच्या बसचे थांबे कुठून कुठपर्यंत आहेत, कारण त्या औद्योगिक वसाहतीत पुढची जागा निघाली की ही माहिती तुम्हाला पुन्हा लागणार आहे.